पावतीपुस्तक नसलेल्या गल्लीत गणपती: परदेशातल्या शेजाऱ्यांना लिहायचं एक पान

बदलापूर गावातून बोलतोय. आजचा भाग जरा वेगळ्या विषयावर आहे. माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणतो, इंग्लंडमधल्या एका छोट्या शहरात राहते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं काम तिच्याकडे आहे. भाड्याचा हॉल, एक दिवसाचा कार्यक्रम, साधारण तीनशे माणसं. गेल्या वर्षी हॉलच्या आजूबाजूच्या घरांतून तक्रारी गेल्या, आणि हॉलवाल्यांनी सांगून टाकलं की या वेळी पुन्हा तक्रार आली तर पुढच्या वर्षी बुकिंग नाही. तिने मला विचारलं, "शेजाऱ्यांना चिठ्ठी टाकायची आहे, काय लिहू?" त्या चिठ्ठीवर आम्ही तीन रविवार फोनवर बसलो होतो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट बघू. आपल्या गावात गणपती येणार हे कुणाला कळवावं लागतं का? नाही. महिनाभर आधी पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात. मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी मंडपाचे बांबू येऊन पडतात. मग ढोलाचा सराव कानावर येतो. म्हणजे मूर्ती यायच्या आधी शेजाऱ्याला तीनदा निरोप मिळालेला असतो. कुठून जायचं, गाडी कुठे लावायची, आजीला त्या दिवशी कुठल्या खोलीत झोपवायचं, हे त्याने ठरवलेलं असतं.

तिकडे यातलं काहीच नाही. हॉल बाहेरून वर्षभर दिसतो तसाच दिसतो. सराव दुसरीकडे कुठेतरी होतो, वर्गणी ऑनलाइन जमा होते. तारखेचाही घोळ असतो. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. पण सुट्टी नसलेल्या बुधवारी तीनशे माणसं जमत नाहीत, म्हणून बरीच मंडळं जवळचा शनिवार किंवा रविवार धरतात. म्हणजे एखाद्या शेजाऱ्याने मोबाईलवर सणाची तारीख शोधली तरी त्याला चुकीचाच दिवस सापडणार. आणि शनिवारी सकाळी तो घरात, बागेत, आठवड्याची झोप काढत असताना अचानक ढोल सुरू होणार.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि डॉलिस हिल भागात त्यांची स्वतःची वास्तू आहे. तिथल्या शेजाऱ्यांना वर्षानुवर्षांची सवय असू शकते. पण परदेशातल्या बहुतेक मंडळांना शाळेचा, चर्चचा नाहीतर वस्तीतला हॉल एका दिवसापुरता मिळतो. वर्षातून एकदाच भेटणारा पाहुणा असतो तो. म्हणून ती चिठ्ठी म्हणजे पावतीपुस्तक आणि मंडपाचे बांबू, दोन्हींचं काम करणारं एकच पान.

ताईच्या मंडळाने गेल्या वर्षीही चिठ्ठी टाकली होती बरं का. त्यात काय होतं? आम्ही एक सुंदर सांस्कृतिक सोहळा साजरा करत आहोत, थोडी गैरसोय होईल, सहकार्य करावं, क्षमस्व. आता शेजारी म्हणून विचार करा. हे वाचून तुम्ही काय करणार? काहीच करता येत नाही, कारण कळलंच नाही की गैरसोय कसली, किती वाजता आणि किती वेळ. आधीच मागून ठेवलेली माफी शेजाऱ्याच्या काही कामाची नसते. त्याच्या कामाची असते ती वेळ. या वर्षी आम्ही ठरवलं की चिठ्ठीत चारच गोष्टी ठेवायच्या: गाड्या, आवाज, वेळा आणि फोन नंबर. आणि प्रत्येक गोष्ट लिहायच्या आधी ती खरोखर करून ठेवायची.

पहिल्यांदा गाड्या. इथे ताईने वही काढली आणि हिशोब केला. तीनशे माणसं, एका गाडीत सरासरी तीन, म्हणजे शंभर गाड्या. हॉलच्या आवारात जागा पस्तीस. उरल्या पासष्ट. रस्त्याकडेला एक गाडी लावायला साधारण सहा मीटर लागतात, म्हणजे पासष्ट गाड्यांना जवळजवळ चारशे मीटर कडा हवी. हॉलची गल्ली आहे दोनशे मीटर. दोन्ही बाजू धरल्या तर कागदावर चारशे भरतात, पण त्यात प्रत्येक घराचा गाडी आत घ्यायचा उतार येतो. तिथे फुटपाथची कड मुद्दाम खाली केलेली असते. त्याच्यासमोर गाडी लावली तर तिकडे दंडाची पावती येऊ शकते. थोडक्यात, गाड्या त्या गल्लीत मावणारच नव्हत्या. गेल्या वर्षी त्या मावल्या नाहीतच, लोकांच्या दारांत गेल्या. पहिली तक्रार ढोलाची नव्हती, दारासमोरच्या गाडीचीच होती.

यावर उपाय चिठ्ठीत नव्हता. आठ मिनिटं चालत एक शाळा आहे, तिचं आवार मंडळाने शनिवारपुरतं भाड्याने घेतलं. सत्तर गाड्यांची सोय झाली. हॉलचं आवार फक्त ज्येष्ठांसाठी, चालायला त्रास असणाऱ्यांसाठी आणि जेवणाच्या गाडीसाठी ठेवलं. आता खरी गंमत ऐका. तिकिटावर जो पत्ता छापाल तिथेच मोबाईलचा नकाशा माणसाला नेतो. तुम्ही तळाशी कितीही मोठ्या अक्षरात लिहा की गाडी शाळेत लावा, माणूस पत्त्यावर बोट ठेवतो आणि थेट हॉलच्या दारात येतो. म्हणून या वर्षी तिकिटावर मोठ्या अक्षरात पत्ता शाळेचा टाकला, आणि हॉलचा पत्ता खाली, "शाळेतून चालत असे या" अशा ओळीत. एवढ्याशा बदलाने गल्लीत शिरणाऱ्या गाड्या सगळ्यात जास्त कमी होतात.

अजून एक. आपल्याकडे मंडळाची पोरं शिट्टी घेऊन रस्त्यात उभी राहतात, गाड्या थांबवतात, सोडतात. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर वाहतूक थांबवायचा अधिकार स्वयंसेवकाला नसतो. रस्त्यावर जागा धरायला परवानगीशिवाय शंकू मांडूनही चालत नाही. म्हणून पिवळी जाकिटं घातलेली चार मुलं उभी करायची ती फुटपाथवर, गल्लीच्या दोन टोकांना, आणि त्यांनी आपल्याच माणसांना सांगायचं, "दादा, पुढे शाळेत लावा." चिठ्ठीतही तेवढंच लिहायचं. जे आपण करू शकत नाही त्याचं वचन शेजाऱ्याला द्यायचं नाही.

आता आवाज. आमची सगळ्यात लांब चर्चा यावरच झाली, कारण पथकातल्या मुलांचा पहिला प्रस्ताव होता की ढोल अर्धे करू. चोवीसचे बारा. ऐकायला फार समजूतदार वाटतं, नाही का? पण आवाजाचं गणित वेगळं चालतं. सारखे वाजणारे ढोल निम्मे केले की आवाज साधारण तीन डेसिबलने कमी होतो. कानाला हा फरक जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला दहाएक डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे बारा मुलं हिरमुसून बाजूला बसणार आणि शेजाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

अंतराचं तसं नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल उतरतात. गेल्या वर्षी पथक हॉलच्या पुढच्या अंगणात वाजलं होतं, सगळ्यात जवळचं घर पंधरा मीटरवर. हॉलच्या मागे गवताचा पट्टा आहे, तिथून जवळचं घर साठ मीटरवर. पंधराचे तीस, तीसचे साठ, म्हणजे दोनदा दुप्पट. बारा डेसिबल तिथेच गेले, आणि मध्ये हॉलची इमारत आड आली तो फायदा वेगळा. चोवीसच्या चोवीस ढोल ठेवूनही पुढच्या घरांना आवाज निम्म्याहून कमी वाटणार.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. ताशाचा तडतडाट खिडकी बंद केली की बराच अडतो. ढोलाचा 'धूम' अडत नाही. जाड, खालच्या सुराचा आवाज काच आणि भिंतीतून आत येतो, छातीत जाणवतो. त्यामुळे "कृपया खिडक्या बंद ठेवाव्यात" असं शेजाऱ्याला लिहू नका. एक तर त्याच्या घराच्या खिडकीबद्दल आपण सांगणं बरं नाही, आणि वर त्याचा उपयोगही नाही. ढोलाच्या बाबतीत शेजाऱ्याला देण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे, तो कधी थांबणार हे सांगणं. ११ वाजता सुरू, ११ वाजून २० मिनिटांनी बंद. रात्रपाळी करून आलेली नर्स असेल, तान्हं बाळ असेल, आवाजाला घाबरणारं कुत्रं असेल, वीस मिनिटांची सोय माणूस करू शकतो. "दिवसभर अधूनमधून" याची सोय कुणालाच करता येत नाही.

याला जोडूनच वेळा. इथे मंडळं हमखास एक गोष्ट करतात: पत्रिकेतली वेळ चिठ्ठीत टाकतात. दुपारी १२ ते संध्याकाळी ७. पण शेजाऱ्याचा दिवस पत्रिकेप्रमाणे चालत नाही. त्याच्यासाठी कार्यक्रम सकाळी ८ ला सुरू होतो, जेव्हा टेम्पोतून खुर्च्या आणि पातेली उतरतात. आणि संपतो तो शेवटचं स्पीकरचं खोकं गाडीत जाऊन दार लागतं तेव्हा. मंडळाला जे सामान लावणं नि आवरणं वाटतं, तो शेजाऱ्यासाठी कार्यक्रमाचाच भाग असतो.

आणि मंडळी, सगळ्यात मोठा आवाज कधीचा असतो माहितीये? ढोलाचा नाही, निरोपाचा. आपण मराठी माणसं "चला, निघतो" म्हणतो आणि पुढची चाळीस मिनिटं फुटपाथवर उभे असतो. डबे भरून घेतले का, दिवाळीला येताय ना, मुलं कुठे गेली, गाडीची दारं धडाधड. प्रत्येकाला वाटतं आपण हळूच बोलतोय. पण अंधार पडल्यावर शांत गल्लीत ते सगळं समोरच्या बेडरूममध्ये ऐकू जातं. ताईने यावर छान तोड काढली. प्रसादाचे डबे हॉलच्या दारात न देता शाळेच्या आवारात, गाड्यांपाशी द्यायचे. माणसं आपोआप डब्याकडे चालायला लागतात, आणि गप्पांचा अड्डा घरांसमोरून हलतो.

कायद्याच्या वेळाही माहीत हव्यात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. इंग्लंडमध्ये रात्रीच्या आवाजाच्या कायद्यात रात्र म्हणजे ११ ते सकाळी ७. याचा अर्थ ११ पर्यंत काहीही चालेल असा नाही. आवाज उपद्रव ठरण्याइतका असेल तर तिथली नगरपालिका दिवसाही दखल घेऊ शकते. जर्मनीत रात्री १० पासून शांतता पाळतात, आणि रविवार हा पूर्ण दिवसच शांततेचा मानतात, म्हणून तिथे ढोल असेल तर शनिवार बरा. आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ती मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. आपल्या माणसांच्या डोक्यात तो बाराचा आकडा असतो. तो विमानातून सोबत नेऊ नका.

आता चौथी गोष्ट, फोन नंबर. गेल्या वर्षी चिठ्ठीवर अध्यक्षांचा नंबर होता. शेजाऱ्यांनी फोन केलेही. पण अध्यक्ष स्टेजवर, फोन खिशात, समोर स्पीकर. तीनदा वाजून बंद झाला. मग शेजाऱ्याने नगरपालिकेला आणि हॉलवाल्यांना फोन लावला. न उचलला जाणारा नंबर देणं हे नंबर न देण्यापेक्षा वाईट, कारण आता तुम्ही त्याला टाळलंत असं त्याला वाटतं.

या वर्षी वेगळं सिम घेतलं. उत्सव झाला की ते कपाटात, म्हणजे कुणाचा खासगी नंबर साठ घरांत जात नाही. तो फोन ज्याच्या हातात, त्याला त्या दिवशी दुसरं काम नाही, आणि त्याने हॉलच्या बाहेर थांबायचं. दुपारी पाळी बदलायची, म्हणजे कुणाची आरती चुकत नाही. सोबत एक वही: किती वाजता फोन आला, कुठल्या घरातून, काय म्हणाले, आपण काय केलं. आणि दहा मिनिटांत उलट फोन करून सांगायचं की गाडी हलवली, किंवा आवाज कमी केलाय, आता ठीक आहे का. सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसाला माईक बंद करायचा अधिकार हवा. तो जर "थांबा, साहेबांना विचारतो" म्हणत आत गेला तर त्या नंबरला काही अर्थ उरत नाही. या अधिकारावर मंडळाच्या बैठकीत बरीच तणातणी झाली म्हणे. शेवटी अध्यक्षांनीच सांगितलं की फोनवाल्याने हात वर केला की ढोल थांबेल, वाद नंतर घालू.

आता चिठ्ठी वाचतो. ती तिकडे इंग्रजीत जाते, मी मराठीत सांगतोय. घर क्रमांक, नावं वगैरे गाळली आहेत.

"शेजारी मंडळी, नमस्कार. शनिवारी आमचं मराठी मंडळ तुमच्या गल्लीतल्या हॉलमध्ये गणेशोत्सव साजरा करत आहे. गणपती हे आमचं लाडकं दैवत. साधारण तीनशे माणसं येतील.

वेळा: सकाळी ८ ला सामान उतरेल. ११ ते ११.२० हॉलच्या मागच्या बाजूला ढोल वाजतील. दिवसभरात बाहेर फक्त तेवढाच वेळ वाद्यं असतील. त्यानंतर पूजा, जेवण आणि गाणी, सगळं हॉलच्या आत, दारं लावून. संध्याकाळी ६.३० ला माईक बंद. पाहुणे ७ पर्यंत निघतील, आम्ही आवरून ८.३० ला कुलूप लावू.

गाड्या: पाहुण्यांच्या गाड्यांची सोय शाळेच्या आवारात केली आहे. तुमच्या दारासमोर आमची गाडी दिसली तर खालच्या नंबरवर गाडीचा क्रमांक कळवा, आम्ही मालकाला शोधून ती हलवू.

फोन: सकाळी ७.३० ते रात्री ९.३० हा नंबर आमची एक व्यक्ती उचलेल. तिला आवाज थांबवण्याचा अधिकार आहे. मेसेजही चालेल. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, रात्रपाळी असेल, किंवा त्या दिवशी तुमच्याकडे काही कार्यक्रम असेल, तर आधी कळवा, जमेल तेवढं आम्ही बदलू.

दुपारी १ नंतर जेवायला या. जेवण शाकाहारी आहे. त्यात नारळ, काजू, गहू आणि दूध आहे."

बस, एवढंच. एक पान. शेवटच्या ओळीत काजू-नारळ का लिहिलं? कारण तिकडे नटची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात, आणि मोदक दिसायला निरुपद्रवी असतो. बोलावणं खरं असेल तर पानात काय आहे ते सांगायलाच हवं.

चिठ्ठी कुणाला द्यायची यातही एक मेख आहे. आवाजाचं वर्तुळ आणि गाड्यांची रेघ हे दोन वेगळे नकाशे आहेत. हॉलभोवतीची चाळीस घरं लगेच आठवतात. पण शाळेसमोरच्या वीस घरांना ढोल ऐकू येणार नसला तरी त्यांच्या दारावरून सत्तर गाड्या जाणार आहेत. ती घरं कुणालाच आठवत नाहीत, आणि उपाय म्हणून घेतलेली शाळाच नवी तक्रार होऊन बसते. म्हणून साठ चिठ्ठ्या. दोन आठवडे आधी, संध्याकाळी, दोघांनी जाऊन. दार उघडलं तर दोन शब्द बोलायचे, नाही उघडलं तर पेटीत. महिनाभर आधी दिली तर विसरतात, दोन दिवस आधी दिली तर कुणाला काही बदलता येत नाही. शेवटच्या गुरुवारी फक्त एक छोटा कागद: शनिवार, ढोल ११ ते ११.२०, आणि नंबर.

आणि ती "आधी कळवा" ओळ नुसती शोभेची नव्हती. चिठ्ठ्या गेल्यावर चौथ्या दिवशी मेसेज आला. हॉलसमोरच्या घरातल्या बाईंचा नवरा हॉस्पिटलमधून नुकताच घरी आलेला, नर्स रोज ११ ला पट्टी बदलायला येते. ढोल वीस मिनिटं पुढे ढकलता येईल का? ताईने पथकाला विचारलं, ११.३० ठरलं, आणि गुरुवारच्या कागदावर सगळ्यांना नवीन वेळ गेली. गेल्या वर्षी याच घरातून हॉलवाल्यांना फोन गेला होता. या वेळी तीच तक्रार दहा दिवस आधी, मेसेजच्या रूपात आली, आणि त्यावर काही करता आलं.

उत्सवाच्या दिवशी वहीत तीन नोंदी झाल्या. दोन गाड्यांच्या, दोन्ही हलवल्या. एक आवाजाची: मागचं दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं, ते लावलं. त्यातल्या शेवटच्या नोंदीपुढे ताईने लिहिलंय, "उलट फोन केला, ठीक म्हणाले." हॉलवाल्यांना मंडळाने दुसऱ्या आठवड्यात त्या पानाचा फोटो पाठवला. पुढच्या वर्षीचं बुकिंग अजून नक्की व्हायचंय, पण बोलणं सुरू आहे.

जाता जाता गावाकडे येतो. आपल्या बदलापूर गावात जुन्या वाड्यांच्या आळीला अजून चिठ्ठी लागत नाही. पण आजूबाजूला जे टॉवर उभे राहिलेत, तिथे पावतीपुस्तक गेटवरच्या वॉचमनच्या पुढे जात नाही. वर राहणाऱ्यांना बांबू दिसत नाहीत, पहाटेची लोकल पकडणाऱ्याला रात्री किती वाजता आवाज थांबणार ते कळत नाही. त्या इमारतींच्या ग्रुपवर टाकायला हेच पान चालेल, फक्त जागा आणि वेळा बदला. मिरवणूक कुठल्या रस्त्याने, किती ते किती, गाड्या कुठे लावू नयेत, आणि एक नंबर. फक्त तो नंबर ढोल वाजवणाऱ्याचा नको.

भेटू पुढच्या भागात. गणपती बाप्पा मोरया.